प्रगती अहवालाला मुदत मागताना: कुलूपबंद साठ घरांचा हिशेब

प्रश्न: नमस्कार. मी नाशिकच्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. सुरगाणा तालुक्यातल्या सहा पाड्यांवर, घरच्या जेवणातून नागली किती कमी झाली, यावर माझा दीड वर्षाचा प्रकल्प आहे. निधी पुण्याच्या एका कार्यालयाचा. १ जुलैला काम सुरू झालं. १८० घरांची पाहणी करायची होती. १० ऑगस्टला सुरुवात केली, चार पाड्यांची १२० घरं झाली आणि १९ सप्टेंबरच्या पावसात नदीवरची फरशी वाहून गेली. पलीकडच्या दोन पाड्यांची ६० घरं राहिली. ऑक्टोबरात मला परीक्षेचं काम लागलं, आमच्या एका सर्वेक्षकाला कावीळ झाली. नोव्हेंबरच्या शेवटी कच्चा रस्ता झाला म्हणून गेलो, तर बहुतेक घरांना कुलपं. माणसं द्राक्षाच्या कामाला गेलेली. पहिला प्रगती अहवाल १५ जानेवारीला द्यायचा आहे. एक सहकारी म्हणतात, ‘अपरिहार्य कारणास्तव तीन महिने’ असं लिहून मोकळ्या व्हा. दुसरे म्हणतात, अलीकडच्याच पाड्यांतली आणखी ६० घरं घ्या, कोण बघायला येतंय. किती मुदत मागू, कशी मागू? आणि पुढचा हप्ता अडकेल का?
— एक प्राध्यापिका, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर:

नमस्कार मॅडम,

दुसऱ्या सहकाऱ्यांचा सल्ला आधी बाजूला ठेवू, कारण त्यात तुमचा प्रकल्पच बुडेल. नदीअलीकडची घरं आणि पलीकडची घरं सारखी असती, तर तुम्ही सहा पाडे निवडलेच नसते. अलीकडच्या माणसाला पावसाळ्यातही रेशन दुकान गाठता येतं, बाजाराला जाता येतं. पलीकडच्यांना नदी भरली की घरात असेल त्यावर भागवावं लागतं. नागली कुठे टिकली आणि कुठे गेली, हाच तुमचा प्रश्न आहे, तेव्हा त्याच्या उत्तराचा मोठा भाग त्या ६० घरांतच असणार. त्यांच्या जागी रस्त्याकडेची घरं भरली, तर नागली आहे त्याहून जास्त कमी झालेली दिसेल. आणि कोण बघतंय म्हणाल, तर गावांच्या नावांपुढे घरांची संख्या असते. ३० घरांच्या पाड्यातून ४५ फॉर्म आले, की तक्ता तपासणारा पहिला तिथेच बोट ठेवतो.

आता मुदतीचं. मी बरीच वर्षं एका निधी कार्यालयात अशा अर्जांवर टिपण्या लिहिल्या आहेत. बहुतेक जण मुदत अंदाजाने मागतात, महिना किंवा तीन महिने. तुमच्या बाबतीत तीन महिने हा आकडा योगायोगाने बरोबर येतो, पण तो कशामुळे बरोबर आहे हे पत्रात नसेल तर त्याचा उपयोग नाही. शिवाय एक गोष्ट तीन महिन्यांनीही मिळणार नाही, आणि ती तुमच्या पत्रात दिसली नाही. तिच्यापासूनच सुरुवात करू.

तुमची प्रश्नावली समोर घ्या आणि एकेका प्रश्नापुढे खूण करा, हा प्रश्न मार्चमध्ये विचारला तर तेच उत्तर येईल का? घरात माणसं किती, जमीन किती, वरकस किती, नागली किती गुंठ्यांवर लावली, रेशन कार्ड कोणतं, कामाला कुठे जाता, ही उत्तरं ऑगस्टात काय आणि मार्चात काय, सारखीच राहतात. पण तुम्ही नक्की असंही विचारलं असणार की कणगीत धान्य किती आहे, ते किती दिवस पुरेल, गेल्या सात दिवसांत नागलीची भाकर किती वेळा झाली. हे प्रश्न ऑगस्ट-सप्टेंबरचे आहेत. तेव्हा कणगी तळाला गेलेली असते, नवं पीक अजून शेतात उभं असतं, मजुरी नसते. नागली आणि भात घरात येतात ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मार्चमध्ये त्याच बाईला तोच प्रश्न विचाराल तेव्हा घरात नवं धान्य असेल आणि द्राक्षाच्या मजुरीचे पैसेही आलेले असतील. मग तुमच्या तक्त्यात पलीकडचे पाडे अलीकडच्यांपेक्षा सुखी दिसतील. तो फरक पाड्यांचा नसून महिन्याचा असेल, आणि एकदा आकडे एका तक्त्यात मिसळले की तुम्हालाही तो वेगळा काढता येणार नाही.

‘मागच्या भादव्यात काय खात होता?’ असं आठवून सांगायला लावणं हा पर्याय लोक वापरतात. जमिनीसाठी तो चालतो, ताटासाठी चालत नाही. सहा महिन्यांपूर्वीच्या आठवड्यात भाकर किती वेळा झाली हे कोणालाच आठवत नाही. माणूस मग नेहमी काय होतं ते सांगतो, किंवा तुम्हाला काय ऐकायचं आहे ते.

म्हणजे राहिलेल्या कामाचे दोन तुकडे झाले. प्रश्नावलीचा कायमस्वरूपी भाग होळीच्या आसपास भरून काढता येईल. ताटाचा आणि कणगीचा भाग पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरातच भरता येईल. तुमचा प्रकल्प पुढच्या ३१ डिसेंबरला संपतो, त्यामुळे ते प्रकल्पाच्या मुदतीत बसतं. फक्त एक काळजी घ्या. त्या वेळी अलीकडच्या चार पाड्यांतली निदान काही घरं पुन्हा विचारा. दोन वर्षांचे पावसाळे सारखे नसतात. यंदाची १२० आणि पुढच्या वर्षीची ६० थेट शेजारी मांडली, तर वर्षाचा फरक पाड्याच्या नावावर खपेल. प्रत्येक पाड्यातली दहा घरं चिठ्ठ्या टाकून निवडली, तर चाळीस घरांचा दोन्ही वर्षांचा आकडा हातात येईल आणि वर्षामुळे किती फरक पडला याचा अंदाज बांधता येईल. हे काम वाढणारं आहे, त्याचा खर्च आत्ताच धरा.

द्राक्षबागांवर जाऊनच फॉर्म का भरू नयेत, असं तुमच्या मनात आलं असेल. दिंडोरी-निफाड नाशिकहून सुरगाण्यापेक्षा जवळ, माणसं एका जागी, मुकादमाला फोन केला की झालं. पण मुकादम शेजारी उभा असताना उचल किती घेतली हे कोणी सांगत नाही, आणि बागेवरच्या चुलीवर जे शिजतं ते घरचं जेवण नव्हे. बागेवर जाच, पण दुसऱ्या कामासाठी. कोणतं कुटुंब कुठे आहे, होळीला कधी परतणार आणि त्यानंतर काढणीला पुन्हा जाणार का, एवढंच विचारून या. गावात मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना किंवा आशाताईंना बहुतेकांचा पत्ता माहीत असतो.

यावरून तारीख ठरते. होळीला पाड्यावरची माणसं परततातच. पण द्राक्षाची काढणी एप्रिलपर्यंत चालते, त्यामुळे सण झाला की काही जण पुन्हा बागेवर जातात. तुम्हाला मिळणारी खिडकी आठ-दहा दिवसांची आहे आणि त्यातले सणाचे दिवस कामाचे नाहीत. एक सर्वेक्षक दिवसाला चार घरं नीट करतो, सवा तासाचा फॉर्म असेल तर त्याहून जास्त ओढू नये. दोन सर्वेक्षक आठ घरं करतील आणि ६० घरांना आठ दिवस लागतील. तेवढे दिवस हाताशी नाहीत. म्हणून चार सर्वेक्षक लावा, चार दिवसांत घरं होतील, आणखी दोन दिवस बंद सापडलेल्या दारांसाठी ठेवा. दर फॉर्ममागे मानधन देत असाल तर चार माणसांचा खर्च दोघांइतकाच येतो, फक्त प्रवास आणि एक दिवसाचं प्रशिक्षण वाढतं. त्यानंतर फॉर्म तपासून संगणकावर भरायला एक आठवडा, तक्ते आणि लेखनाला आणखी एक. अलीकडच्या १२० घरांचे तक्ते जानेवारी-फेब्रुवारीत तयार झालेले असतील, हे धरून. होळी मार्चच्या सुरुवातीला असली तर महिनाअखेर अहवाल हातात येतो.

तरीही ३१ मार्च मागू नका, १५ एप्रिल मागा. ३१ मार्चला तुमच्या महाविद्यालयाचा लेखा विभाग आणि पुण्याचं कार्यालय दोघंही आर्थिक वर्ष बंद करण्याच्या धांदलीत असतात. अहवालासोबत जाणारं खर्चाचं विवरण तेव्हा अर्धवट निघतं, मग एप्रिलमध्ये दुसरं मागतात. १५ एप्रिलच्या अहवालाला ३१ मार्चअखेरचं एकच विवरण जोडता येईल, त्यात वर्षाची अखर्चित शिल्लकही स्पष्ट दिसेल.

आता हप्ता. होय, अडकेल. पुढचा हप्ता सहसा अहवाल मान्य झाल्यावर आणि उपयोगिता प्रमाणपत्र गेल्यावर सुटतो. नेमकी अट तुमच्या मंजुरीपत्रात असेल, ते आज काढून वाचा. अहवाल एप्रिलमध्ये गेला तर पैसे पावसाळ्याच्या तोंडावर येतील असं धरून चाला. म्हणून मुदत मागण्याआधी लेखा विभागाकडून आजची शिल्लक लिहून घ्या आणि त्यातून मार्चचा सर्वेक्षकांचा खर्च भागतो का ते बघा. भागत नसेल, तर मुदत मिळूनही मार्चमध्ये तुमच्याकडे माणसांना द्यायला पैसे नसतील. अशा वेळी फेब्रुवारीपर्यंत दुसऱ्या शीर्षावरचा खर्च थांबवा. पुस्तकं, प्रिंटर, परिषदेचा प्रवास ही मंडळी वाट बघू शकतात. एका शीर्षाचे पैसे दुसऱ्यावर वळवायचे असतील तर त्याची वेगळी परवानगी लागते, ती याच पत्रात मागू नका. एका पत्रात दोन मागण्या असल्या की दोन्हींची फाइल सगळ्यात हळू चालणाऱ्या टेबलाच्या गतीने चालते.

हप्त्याचं नुकसान कमी करायला एक गोष्ट तुमच्या हातात आहे. १५ जानेवारीला काहीच न पाठवणं टाळा. १२० घरांवरचं चार-पाच पानी अंतरिम निवेदन त्या दिवशी पाठवा. किती घरं झाली, प्राथमिक तक्ते, काय राहिलं, कधी होणार, आजवरचा खर्च. काही कार्यालयं त्यावर हप्त्याचा भाग सोडतात, काही सोडत नाहीत. पण फाइलवर ‘अहवाल अप्राप्त’ असा शेरा पडत नाही, आणि पुढच्या आढावा बैठकीत तुमचं नाव त्या यादीत येत नाही.

पत्र लिहिण्याआधी हे लक्षात घ्या की ते उघडणारा माणूस निर्णय घेणारा नसतो. तो त्यावर टिपणी लिहून वर पाठवतो. टिपणीत त्याला ठरावीक गोष्टी लागतात: मंजुरीपत्राचा क्रमांक आणि दिनांक, मूळ तारीख, मागितलेली तारीख, कारण, प्रकल्पाच्या शेवटच्या तारखेवर परिणाम होतो का, जादा पैसे लागतात का. वरचा अधिकारी शेवटच्या दोन आधी बघतो. दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल, तर सही पटकन होते. तुमच्या बाबतीत दोन्ही ‘नाही’ आहेत, पण हे त्याला पत्रातून शोधून काढायला लावू नका. ‘अपरिहार्य कारणास्तव’ या शब्दांवरून टिपणी लिहिता येत नाही. तो बिचारा मग ‘कारण स्पष्ट करावे’ असं पत्र तुम्हाला पाठवतो, आणि त्यातच दोन-तीन आठवडे जातात.

कारणं तुम्ही तीन दिली आहेत. पत्रात एकच जाऊ द्या. फरशी वाहून गेली आणि रस्ता झाला तेव्हा कुटुंबं स्थलांतरित झाली होती, ही एकच साखळी आहे. ऑक्टोबरातलं परीक्षेचं काम खरं असलं, तरी निधी कार्यालयाच्या लेखी ते तुम्हाला आणि प्राचार्यांना जुलैमध्येच माहीत होतं. सर्वेक्षकाची कावीळ खरी असली, तरी लगेच प्रश्न येतो की दुसरा का नेमला नाही. आणि मुख्य म्हणजे ही दोन कारणं नसती तरी ऑक्टोबरात तुम्ही नदी ओलांडू शकला नसता. जे नसतं तरी काम थांबलंच असतं, ते कारण नव्हे. कोणी तोंडी विचारलं तर सांगा, लपवायचं काही नाही.

पुरावा थोडा पण नेमका हवा. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय रोजच्या पावसाचे आकडे असतात. तुमच्या मंडळाची १५ ते २५ सप्टेंबरची नोंद छापून घ्या. एका दिवसात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस गेला असेल तर सरकारी भाषेत ती अतिवृष्टी, आणि हा शब्द टिपणी लिहिणाऱ्याला फार उपयोगी पडतो. आकडा ६५ च्या खाली असेल तर ‘अतिवृष्टी’ लिहू नका. पर्जन्यमापक मंडळाच्या ठिकाणी असतो, नदी वरच्या डोंगरातल्या पावसाने भरते, त्यामुळे आकडा कमी असूनही फरशी जाऊ शकते. तेव्हा ‘फरशी वाहून गेल्याने रस्ता बंद’ एवढंच खरं लिहा. त्यासाठी ग्रामपंचायतीचा दाखला घ्या, त्यात रस्ता कधीपासून कधीपर्यंत बंद होता याच्या तारखा असाव्यात. नुसतं ‘पावसामुळे रस्ता खराब होता’ असं ग्रामसेवक सवयीने लिहून देतात. तारखा घालून घेतल्याशिवाय उठू नका.

स्थलांतराचा पुरावा तुम्हालाच तयार करायचा आहे. याच आठवड्यात एका सर्वेक्षकाला दोन्ही पाड्यांवर पाठवा आणि ६० घरांपैकी प्रत्येकाची नोंद घ्यायला सांगा: कुलूप आहे, फक्त वृद्ध आहेत, की कुटुंब घरी आहे. फॉर्म भरायचा नाही, फक्त नोंद. ‘बहुतेक घरं बंद’ आणि ‘६० पैकी अमुक घरं बंद’ यात कार्यालयाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचं अंतर आहे. जी कुटुंबं घरी आहेत त्यांचे फॉर्म लगेच भरायचा मोह होईल, तो आवरा. मागे राहिलेली घरं म्हणजे ज्यांना जायची गरज नव्हती किंवा ज्यांना जाता आलं नाही अशी. ती डिसेंबरात आणि बाकीची मार्चमध्ये विचारली, तर आणखी एक गोंधळ वाढेल.

एक गोष्ट प्राध्यापक मंडळी हमखास विसरतात. अहवालात तुम्ही पाड्यांची खरी नावं देणार नसाल, तर ग्रामपंचायतीचा दाखला आणि सर्वेक्षकाची डायरी पत्राला जोडू नका. दाखल्यावर पाड्याचं नाव असतं, डायरीत घरमालकांची. पुण्याच्या फाइलमध्ये ते एकदा गेलं की तुम्ही संमतीपत्रावर दिलेला शब्द मोडला. ‘कागदपत्रं महाविद्यालयात जतन केली आहेत, आवश्यकता वाटल्यास नावं झाकून सादर करू’ असं लिहा आणि फक्त पावसाची नोंद जोडा, तीही मंडळाची. कुलपांचे फोटो तर नकोच, लोकांची रिकामी घरं आहेत ती.

मसुदा असा करा. रिकाम्या जागा तुम्ही भरा.

> प्रति,
> मा. प्रकल्प अधिकारी, …………, पुणे
> (मा. प्राचार्य यांचे मार्फत)
>
> विषय: पहिला प्रगती अहवाल सादर करण्यास १५ जानेवारीऐवजी १५ एप्रिलपर्यंत मुदत मिळण्याबाबत.
> संदर्भ: आपले मंजुरीपत्र क्र. ………… दि. …………
>
> महोदय/महोदया,
>
> वरील प्रकल्पाचा पहिला प्रगती अहवाल १५ जानेवारी रोजी सादर करायचा आहे. तो १५ एप्रिलपर्यंत सादर करण्यास परवानगी मिळावी, ही विनंती. प्रकल्पाच्या अंतिम मुदतीत (३१ डिसेंबर) बदल मागत नाही. मंजूर निधीपेक्षा जादा निधीची मागणी नाही.
>
> सहा पाड्यांतील १८० पैकी १२० घरांची पाहणी १० ऑगस्ट ते १९ सप्टेंबर या काळात पूर्ण झाली. १९ सप्टेंबर रोजी नदीवरील फरशी वाहून गेल्याने उर्वरित दोन पाड्यांचा (६० घरे) रस्ता दि. ………… पर्यंत बंद होता. रस्ता सुरू झाल्यावर केलेल्या नोंदीनुसार ६० पैकी …… घरे हंगामी स्थलांतरामुळे बंद आहेत. ही कुटुंबे होळीच्या सुमारास परततात.
>
> उर्वरित घरांची कुटुंब, शेती व स्थलांतरविषयक माहिती मार्चमध्ये घेतली जाईल. धान्यसाठा व आहाराची माहिती हंगामावर अवलंबून असल्याने ती या ६० घरांत, तसेच तुलनेसाठी आधीच्या चार पाड्यांतील निवडक ४० घरांत, येत्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घेऊन दुसऱ्या अहवालात सादर केली जाईल. या घरांऐवजी अन्य घरे निवडलेली नाहीत.
>
> १२० घरांवर आधारित अंतरिम निवेदन व आजवरच्या खर्चाचा तपशील १५ जानेवारी रोजी सादर करीत आहे. ………… अखेर शिल्लक रु. ………… असून मार्चमधील क्षेत्रकार्याचा खर्च त्यातून भागेल.
>
> सोबत: मंडळनिहाय पर्जन्य नोंद. रस्ता बंद असल्याचा दाखला महाविद्यालयात उपलब्ध असून आवश्यकता वाटल्यास नावे झाकून सादर करता येईल.

एक पान, त्याहून जास्त नको. माफी नाही, ‘आपल्या सहानुभूतिपूर्वक विचाराच्या अपेक्षेत’ नाही. ज्याच्या टेबलावर दिवसाला अशी बरीच पत्रं येतात त्याला सहानुभूती दाखवायला वेळ नसतो, पण मुद्देसूद पत्र लगेच ओळखू येतं. ‘या घरांऐवजी अन्य घरे निवडलेली नाहीत’ हे वाक्य मात्र काढू नका. तज्ज्ञ समितीत कोणी ना कोणी ते विचारतंच, आणि त्यांनी विचारण्याआधी उत्तर असलेलं बरं.

आता मार्ग. पत्र प्राचार्यांच्या मार्फतच जायला हवं, पण तिथेच ते अडकतं. प्राचार्य बैठकीला, शिक्का कपाटात, जावक क्रमांक घालणारे रजेवर, असं होत होत १५ जानेवारी उलटते, आणि तारीख उलटल्यावर आलेली विनंती ही मुदतवाढ राहत नाही, तो खुलासा होतो. म्हणून सही केलेल्या पत्राची स्कॅन प्रत ‘आगाऊ प्रत’ असं वर लिहून प्रकल्प अधिकाऱ्यांच्या ईमेलवर त्याच दिवशी पाठवा. ईमेलच्या विषयात मंजुरीपत्राचा क्रमांक आधी टाका, तुमचं नाव नंतर. कार्यालय क्रमांकाने शोधतं. मूळ पत्र जावक क्रमांक पडल्यावर मागाहून जाऊ द्या. हे सगळं डिसेंबरचा तिसरा आठवडा संपण्याआधी करा.

दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर फोन करा, पण विचारायचं काय ते नीट ठेवा. ‘मुदत मिळाली का’ असं विचारलं तर समोरचा ‘हो हो, मिळेल, पाठवा सावकाश’ म्हणतो. ती परवानगी नव्हे. टेबलावरचा माणूस बदलला की फाइलवर काहीच उरत नाही. ‘पत्र कोणत्या टेबलावर आहे आणि लेखी उत्तर कधी निघेल’ असं विचारा, आणि फोन ठेवल्यावर दोन ओळींचा ईमेल टाका: आज आपल्याशी बोलणं झालं, आपण असं सांगितलंत. त्याला कोणी उत्तर देत नाही, पण तो फाइलला लागतो.

उत्तर आलं नाही तरी अंतरिम निवेदन १५ जानेवारीला पाठवाच. मौनाला होकार धरू नका. आणि नकार आला, तर त्याच निवेदनात पद्धतीबद्दल एक पान जोडा: १८० ऐवजी १२० घरं का, कोणते दोन पाडे राहिले, त्यामुळे आत्ताचे निष्कर्ष फक्त रस्त्याला लागून असलेल्या पाड्यांना लागू आहेत, आणि उरलेली माहिती दुसऱ्या अहवालात कधी येईल. तोच तुमचा पहिला प्रगती अहवाल म्हणून सादर करा. त्यात तक्त्यांच्या शीर्षकातच ‘चार पाडे, १२० घरे’ लिहा. नाहीतर वर्षभराने कोणीतरी तेच आकडे ‘सुरगाणा तालुका’ म्हणून उद्धृत करतं.

बाकी, सर्वेक्षकाला पाड्यावर पाठवायचं काम पत्राआधीचं आहे. त्या एका रिकाम्या जागेसाठी पत्र थांबलं तर चालेल, पण चार-पाच दिवसांपेक्षा जास्त नाही.